प्लीहा फाटली, ग्रेड चार, तरी ऑपरेशन का नाही?

अपघातानंतर पोटाचा सीटी स्कॅन होतो आणि थोड्या वेळाने नातेवाइकांच्या हातात रिपोर्ट पडतो. त्यात ‘प्लीहेला ग्रेड ४ ची इजा’ असे लिहिलेले असते. पाचपैकी चार, म्हणजे जवळजवळ सर्वांत वाईट, असा हिशेब कोणीही करील. मग सर्जन येतात आणि सांगतात की आत्ता पोट उघडायची गरज दिसत नाही, आयसीयूत लक्ष ठेवू. इथे घरचे हादरतात. आतला अवयव फाटला आहे, पोटात रक्त साचले आहे आणि डॉक्टर नुसते बघत बसणार?

सर्जनचे म्हणणे बहुतेक वेळा बरोबर असते. ग्रेड सांगतो की अवयव किती आणि कसा फाटला आहे. ऑपरेशन करायचे की नाही हे मात्र वेगळ्या प्रश्नावर ठरते: रक्त अजून वाहते आहे का, आणि शरीर ते सोसते आहे का? या दोन गोष्टी पुष्कळदा जोडीने चालतात, पण नेहमी नाही.

हा लेख मुक्या माराने प्लीहा किंवा यकृत फाटलेल्या रुग्णांबद्दल आहे. मुका मार म्हणजे गाडीवरून पडणे, उंचावरून कोसळणे, पोटावर आघात होणे वगैरे. चाकू किंवा गोळीच्या जखमांचे गणित बरेच वेगळे आहे.

हेच दोन अवयव का?

प्लीहा डाव्या बाजूला, नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आड असते. निरोगी प्रौढ माणसात तिचे वजन साधारण दीडशे ग्रॅम भरते. यकृत उजवीकडे असते आणि त्याच्या दसपट मोठे असते. दोन्ही अवयव रक्ताने गच्च भरलेले, मऊ आणि वरून पातळ आवरण असलेले आहेत. आतडे मार लागला की थोडे सरकून जाते. यांना तशी जागा नसते, बरगड्या आत दबल्या की पहिला धक्का यांनाच बसतो. म्हणून मुक्या मारात पोटातले सर्वांत जास्त दुखावणारे अवयव हेच.

ग्रेड ठरतो कसा?

ही मोजपट्टी ‘अमेरिकन असोसिएशन फॉर द सर्जरी ऑफ ट्रॉमा’ या संघटनेने १९८९ मध्ये मांडली, १९९४ मध्ये सुधारली आणि २०१८ मध्ये पुन्हा बदलली. प्लीहा आणि यकृत दोघांनाही आता १ ते ५ ग्रेड आहेत.

रेडिओलॉजिस्ट मुख्यतः दोन गोष्टी मोजतो. पहिली म्हणजे चीर किती खोल आहे. एक सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर ग्रेड १, एक ते तीन असेल तर २, तीनपेक्षा जास्त असेल तर ३. दुसरी म्हणजे साकळलेले रक्त. ते आवरणाखाली पसरले असेल तर पृष्ठभागाचा किती भाग व्यापला आहे हे बघतात: दहा टक्क्यांच्या आत ग्रेड १, पन्नास टक्क्यांपर्यंत २, त्याहून जास्त ३. अवयवाच्या गाभ्यात साकळलेल्या रक्ताचा व्यास वेगळा मोजतात. सगळ्या मोजमापांत जे सर्वांत वरचे, तोच अंतिम ग्रेड.

तिसऱ्या ग्रेडपर्यंत हे असे सेंटिमीटरचे आणि टक्क्यांचे काम आहे. त्याच्या पुढे रक्तवाहिन्या येतात. प्लीहेला येणाऱ्या मोठ्या शाखा तुटून तिच्या पाव भागाहून अधिक भागाचा रक्तपुरवठा बंद पडला, तर ग्रेड ४. प्लीहेचे तुकडे तुकडे झाले, तर ग्रेड ५.

२०१८ च्या बदलात आणखी एक नियम आला, आणि माझ्या मते रिपोर्ट वाचताना सर्वाधिक गोंधळ यामुळेच होतो. प्लीहेच्या आत एखाद्या धमनीची भिंत फाटून तिथे फुगवटा तयार झालेला दिसला, किंवा प्लीहेच्या आतल्या आत ताजा रक्तस्राव चालू दिसला, तर चीर कितीही लहान असो, ग्रेड थेट ४ होतो. तोच स्राव प्लीहेबाहेर पोटात वाहत असेल तर ५. त्यामुळे दोन रुग्णांच्या रिपोर्टवर ‘ग्रेड ४’ लिहिलेले असूनही एकाची प्लीहा निम्मी मेलेली असू शकते आणि दुसऱ्याच्या प्लीहेत फक्त एक छोटा फुगवटा असू शकतो.

यकृताची पट्टी दिसायला सारखीच आहे, पण आकडे तेच नाहीत. असाच आतला फुगवटा किंवा आतल्या आत राहिलेला स्राव यकृतात दिसला तर ग्रेड ३ धरतात, ४ नाही. यकृतातून रक्त बाहेर पोटात वाहत असेल किंवा एका खंडाचा २५ ते ७५ टक्के भाग चिरडला असेल तर ४. त्याहून जास्त चिरडला असेल, किंवा यकृतामागची महाशिरा वा तिला मिळणाऱ्या मोठ्या यकृत-शिरा फाटल्या असतील, तर ५. म्हणून एकाच्या प्लीहेचा ग्रेड आणि दुसऱ्याच्या यकृताचा ग्रेड यांची तुलना करत बसण्यात अर्थ नाही.

एक रुग्ण घेऊन बघू

समजा, सव्वीस वर्षांचा तरुण मोटरसायकलवरून डाव्या कुशीवर पडला. इमर्जन्सी विभागात आणला तेव्हा रक्तदाब १०८/७०, नाडी १०४. श्वास घेताना डावी बाजू दुखते आणि डाव्या खांद्यातही कळ येते, जरी खांद्याला मार लागलेला नाही. ही कळ ओळखीची आहे. छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याखाली डावीकडे रक्त साचले की पडद्याची मज्जातंतू डिवचली जाते, आणि तिची मुळे खांद्याच्या मज्जातंतूंच्या जोडीने निघत असल्यामुळे मेंदूला दुखणे खांद्यात वाटते.

खाटेपाशीच सोनोग्राफी झाली आणि प्लीहेभोवती द्रव दिसला. ही झटपट सोनोग्राफी पोटात रक्त आहे एवढे सांगते. ते कुठून आणि किती मोठ्या जखमेतून आले, हे तिच्याने नीट सांगवत नाही. वेदनाशामक आणि थोडे सलाईन दिल्यावर रक्तदाब ११८/७४ झाला, नाडी ९२ वर आली आणि दोन्ही तिथेच टिकले. म्हणून त्याला सीटीला नेले. हा क्रम महत्त्वाचा आहे. रक्तदाब ढासळतच राहिला असता आणि सोनोग्राफीत भरपूर रक्त दिसले असते, तर सीटीच्या खोलीत न जाता तो सरळ ऑपरेशन थिएटरमध्ये गेला असता. ग्रेड ठरलाच नसता, आणि त्याने काही बिघडलेही नसते.

सीटीत नेमके काय बघतात?

हाताच्या शिरेतून कॉन्ट्रास्ट नावाचे औषध सोडतात. ते जिथे जिथे रक्तासोबत पोचते, ती जागा चित्रात उजळते. चित्रे एकदाच काढत नाहीत. पहिली फेरी साधारण तीस सेकंदांनी, औषध धमन्यांत असताना. दुसरी सत्तर-ऐंशी सेकंदांनी, औषध अवयवांत आणि शिरांत पोचल्यावर. शंका असेल तर काही मिनिटांनी तिसरी.

आपल्या तरुणाच्या दुसऱ्या फेरीत प्लीहेच्या खालच्या टोकाला दोन सेंटिमीटर खोल चीर दिसली. एवढ्यावर ग्रेड २ झाला असता. पण पहिल्या फेरीत चिरेच्या कडेला नऊ मिलिमीटरचा एक गोल, लख्ख ठिपका होता. दुसऱ्या फेरीत तो इतर रक्तवाहिन्यांइतकाच फिका झाला, आणि त्याचा आकार होता तेवढाच राहिला. हा धमनीचा फुगवटा, म्हणून ग्रेड ४. तोच ठिपका दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत पसरत गेला असता, आकार बदलून आजूबाजूला सांडला असता, तर तो चालू रक्तस्राव ठरला असता. ठिपका एकच, पण तो वाढतो की थबकतो यावरून निदान बदलते. म्हणूनच एकाच फेरीचा स्कॅन इथे अपुरा पडतो. फुगवटा फक्त धमन्यांच्या फेरीत उठून दिसतो आणि नंतर आजूबाजूच्या उजेडात विरून जातो.

याच पहिल्या फेरीत एक चकवाही आहे. प्लीहेत रक्त सगळीकडे एकाच वेगाने भरत नाही, त्यामुळे धमन्यांच्या फेरीत अगदी धडधाकट प्लीहाही पट्ट्यापट्ट्यांची दिसते. ती चीर समजून ग्रेड दिला तर चूक. खरी चीर दुसऱ्या फेरीतही दिसते. काहींच्या प्लीहेला जन्मतःच खाच असते. तिच्या कडा गुळगुळीत असतात आणि भोवती रक्त नसते.

साकळलेले रक्त पोटात सांडलेल्या पातळ रक्तापेक्षा सीटीत जरा उजळ दिसते, आणि सर्वांत उजळ गुठळी बहुधा फाटलेल्या जागेच्या अगदी शेजारी सापडते. चीर पुसट असली तरी ही गुठळी दोषी अवयवाकडे बोट दाखवते.

फाटलेल्या अवयवातले रक्त आपोआप थांबते कसे?

जुन्या काळी समज होता की प्लीहा फाटली तर ती बरी होत नाही, काढावीच लागते. तिच्यावाचून जगता येते, मग धोका कशाला पत्करायचा, असा विचार होता. १९५२ मध्ये किंग आणि शुमाकर या डॉक्टरांनी प्लीहा काढलेल्या तान्ह्या मुलांना पुढे भयंकर जंतुसंसर्ग झाल्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या, तेव्हा या विचाराला पहिला तडा गेला. मग टोरांटोच्या मुलांच्या रुग्णालयातून उपाध्याय आणि सिम्पसन यांनी १९६८ मध्ये फाटलेल्या प्लीहेच्या मुलांचा अनुभव मांडला. त्यात ऑपरेशनशिवायही मुले बरी होऊ शकतात, असे पुढे आले. पोट उघडून बघावे तर रक्त आधीच थांबलेले, हेही सर्जनना वारंवार आढळत होते.

याचे एक कारण प्लीहेच्या रचनेत आहे. तिच्या धमनीच्या शाखा आत शिरतात आणि प्रत्येक शाखा आपापला आडवा पट्टा पोसते. दोन पट्ट्यांच्या मधल्या भागात मोठ्या रक्तवाहिन्या फार कमी असतात. मुका मार लागला की प्लीहा बहुधा या पट्ट्यांना समांतर, आडवी फाटते. म्हणजे चीर मोठ्या वाहिन्यांच्या मधून जाते, त्यांना कापत नाही. लहान मुलांत आवरण तुलनेने जाड आणि लवचीक असते, त्यामुळे त्यांच्यात हे आणखी चांगले जमते.

यकृताचे कारण वेगळे आहे. त्याला दर मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त मिळते, हा आकडा ऐकून छातीत धस्स होते. पण त्यातले सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या प्रतिहारी शिरेतून येते, आणि तिथला दाब धमनीच्या दाबाच्या एक दशांशाच्या आसपास असतो. इतक्या कमी दाबाचा स्राव गुठळीला वाहून नेऊ शकत नाही. भोवतालचे अवयव, पोटाची भिंत आणि साचलेले रक्त यांचा हलका दाबही मदत करतो.

पोट उघडले की नेमका हाच दाब जातो. यकृतामागच्या मोठ्या शिरा फाटून गुठळीने बंद झालेल्या असतील, तर सर्जनच्या हाताने तीच गुठळी सुटू शकते आणि थांबलेले रक्त पुन्हा उसळू शकते. ग्रेड ५ चे यकृत असूनही स्थिर असलेल्या रुग्णाला हात लावायला अनुभवी सर्जन कचरतात, ते यासाठी.

मग ऑपरेशन कोणाला?

ज्याचे शरीर हरते आहे त्याला, ग्रेड कोणताही असो. वरचा रक्तदाब ९० च्या खाली, नाडी १२० च्या वर, हातपाय गार, त्वचा फिकी, भान हरपत चाललेले, आणि सलाईन व रक्त देऊनही हे सुधारत नाही किंवा सुधारून पुन्हा घसरते, याला डॉक्टर ‘अस्थिर’ म्हणतात. ‘वर्ल्ड सोसायटी ऑफ इमर्जन्सी सर्जरी’ या संस्थेच्या वर्गीकरणात तर स्पष्ट आहे: रुग्ण अस्थिर असेल तर सीटीवरचा ग्रेड १ असला तरी तो सर्वांत वरच्या, चौथ्या वर्गात जातो.

दुसरे कारण म्हणजे पोटात इतर काही फाटल्याची चिन्हे. आतड्याची छोटी चीर पहिल्या सीटीत निसटू शकते. पोट लाकडासारखे कडक झाले, दुखणे पसरत गेले, ताप चढला, तर प्लीहेचा ग्रेड काहीही असो, पोट उघडावेच लागते. रुग्ण बेशुद्ध असेल किंवा मणक्याला इजा असेल तर पोट दुखते का हे तो सांगू शकत नाही, तिथे सर्जनना जास्त सावध राहावे लागते.

तिसरी अट रुग्णापेक्षा रुग्णालयाबद्दलची आहे. सतत देखरेख, रक्तपेढी आणि रात्री तीन वाजताही पोट उघडू शकणारी टीम नसेल, तर वाट बघणे हा उपचार होत नाही. अशा ठिकाणाहून रुग्ण स्थिर असतानाच हलवणे शहाणपणाचे.

आपल्या तरुणाचे काय केले?

तो स्थिर आहे, म्हणून थिएटर नको. पण फुगवटा तसाच सोडला तर काही दिवसांनी फुटू शकतो, म्हणून नुसती वाट बघणेही नको. मधला मार्ग म्हणजे एम्बोलायझेशन: मांडीच्या किंवा मनगटाच्या धमनीतून बारीक नळी सरकवत प्लीहेच्या धमनीपर्यंत जायचे आणि तिथे धातूची छोटी कॉइल किंवा दुसरा पदार्थ सोडून रक्त अडवायचे. पोटाला चीर पडत नाही.

अडवायचे कुठे, यात दोन पर्याय आहेत. जखम एकच आणि नेमकी असेल तर थेट त्या बारीक शाखेत जाऊन ती बंद करतात. त्या शाखेवर जगणारा प्लीहेचा छोटा तुकडा मरतो, बाकी सगळी शाबूत राहते. जखमा अनेक असतील तर प्लीहेच्या मुख्य धमनीतच, जरा अलीकडे, कॉइल ठेवतात. यावर लोक साहजिकच विचारतात की मुख्य धमनी बंद केल्यावर प्लीहा मरणार नाही का? सहसा मरत नाही. गळक्या नळामुळे घरभर पाणी होत असताना आपण गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बराचसा फिरवतो. नळाला पाणी येते, पण धारेतला जोर जातो आणि गळती बांधता येते. इथेही जठराच्या आणि स्वादुपिंडाच्या बाजूने येणाऱ्या छोट्या धमन्या प्लीहेला जगण्यापुरते रक्त पुरवतात, मात्र दाब इतका उतरतो की गुठळी टिकते.

आपल्या रुग्णाची एकच शाखा बंद केली. पुढचे आकडे असे: दाखल होताना हिमोग्लोबिन १३.१, सहा तासांनी ११.४, दुसऱ्या दिवशी सकाळी १०.८, संध्याकाळी १०.९, तिसऱ्या दिवशी १०.९. पहिल्या दोन आकड्यांमधली घसरण बघून घरचे घाबरले, पण तिचा काही भाग आधीच होऊन गेलेल्या रक्तस्रावाचा असतो. ताजे रक्त गेल्यावर उरलेल्या रक्तातले प्रमाण लगेच बदलत नाही, सलाईन आणि ऊतींतले पाणी रक्तात मिसळले की मग आकडा उतरतो. म्हणून सुटा आकडा फारसे सांगत नाही. घसरण सपाट होते का, आणि नाडी-रक्तदाब त्या वेळी काय म्हणतात, हे एकत्र वाचायचे असते. हिमोग्लोबिन १०.८ आणि नाडी ८४ असेल तर काळजी कमी. तेच १०.८ असताना नाडी ८४ वरून ११८ ला गेली, तर रक्त पुन्हा सुरू झाल्याचा संशय आधी घ्यायचा.

‘नुसते लक्ष ठेवणे’ म्हणजे नेमके काय?

नाडी, रक्तदाब आणि लघवीचे प्रमाण सतत मोजतात, ठरावीक तासांनी रक्त तपासतात, आणि शक्यतो एकाच सर्जनचा हात पुन्हा पुन्हा पोटावर पडतो, म्हणजे बदल कळतो. रक्ताच्या पिशव्या जुळवून तयार ठेवतात. सुरुवातीला उपाशीही ठेवतात, कारण कधीही थिएटरमध्ये न्यावे लागू शकते.

प्लीहेच्या बाबतीत ही पद्धत फसायची असेल तर बहुधा पहिल्या तीन-चार दिवसांत फसते. वय जास्त, ग्रेड वरचा, पोटात रक्त भरपूर, अशा रुग्णांत धोका अधिक. म्हणून अनेक केंद्रांत वरच्या ग्रेडच्या प्लीहेचा दोन-तीन दिवसांनी पुन्हा स्कॅन करतात, कारण धमनीचा फुगवटा पहिल्या स्कॅननंतरही तयार होऊ शकतो. यकृताचे नियमित पुन्हा स्कॅनिंग कमी ठिकाणी होते, तिथे लक्षण दिसले तर बघतात. स्थिर रुग्णांत यकृताच्या इजा ऑपरेशनशिवाय बऱ्या होण्याचे प्रमाण दहापैकी नऊहून जास्त आहे. प्लीहेतही बहुसंख्य जण सुटतात, आणि मुलांत तर फार थोड्यांना थिएटर लागते.

एक गोष्ट घरच्यांना विचित्र वाटते: रक्तस्रावाच्या रुग्णाला एक-दोन दिवसांनी रक्त पातळ करणारे हेपरिनचे इंजेक्शन. पडून राहिलेल्या जखमी माणसाच्या पायांत गुठळ्या होतात आणि त्या फुप्फुसात गेल्या तर जीव जाऊ शकतो. हिमोग्लोबिन स्थिरावले की हा धोका रक्तस्रावाच्या धोक्यापेक्षा मोठा ठरतो.

पोटात साचलेले रक्त काढायला नको?

सहसा नको. ते निर्जंतुक असते आणि पोटाचे आतले अस्तर ते हळूहळू शोषून घेते. त्यामुळे पोट थोडे फुगते, आतडी मंदावतात, किंचित ताप येतो, आणि हे काही दिवसांत ओसरते. सुई घालून ते काढायला जाणे म्हणजे जंतूंना वाट करून देणे आणि गुठळी हलवणे. अपवाद इतकाच की पोटातला दाब एवढा वाढला की मूत्रपिंडे आणि श्वास अडखळू लागले, तर तो सोडवावा लागतो.

सुरक्षित म्हणून काढूनच का टाकत नाहीत?

प्लीहेबद्दल हा प्रश्न हमखास येतो, आणि तो मूर्खपणाचा नाही. ऑपरेशन अर्ध्या दिवसात संपते आणि ‘फुटली तर?’ ही धास्ती कायमची जाते. पण न्यूमोकोकससारखे जाड कवच असलेले जंतू रक्तातून गाळून काढणे हे प्लीहेचे काम आहे. ती नसेल तर साध्या तापासारखे सुरू झालेले दुखणे काही तासांत सर्वांगी संसर्गात बदलू शकते. असे क्वचित होते, पण झाले तर निम्म्याच्या आसपास रुग्ण दगावतात, आणि हा धोका आयुष्यभर राहतो. प्लीहा काढावीच लागली तर न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिमोफिलस या जंतूंविरुद्ध लसी देतात, शक्यतो ऑपरेशननंतर चौदा दिवसांनी, म्हणजे प्रतिसाद चांगला येतो. अशा माणसाने कोणत्याही थंडी-तापात घरगुती उपायांवर एक रात्रही काढू नये, आणि नव्या डॉक्टरला ‘मला प्लीहा नाही’ हे पहिल्या वाक्यात सांगावे.

यकृत तर काढताच येत नाही. तिथे ऑपरेशन म्हणजे फाटलेली जागा दाबून धरणे, टाके घालणे, आणि रक्त थांबतच नसेल तर भोवती पॅड ठासून पोट तात्पुरते बंद करून एक-दोन दिवसांनी पुन्हा उघडणे. ज्याला याची गरज आहे त्याचा यात जीव वाचतो. ज्याला नाही त्याच्यासाठी हे सगळे नाहक.

यकृताचा त्रास उशिरा येतो

प्लीहेच्या बाबतीत भीती मुख्यतः रक्ताची. यकृतात पित्तनलिकाही असतात, आणि रक्त थांबल्यावर त्यांचा हिशेब बाकी राहतो. नलिका फाटली असेल तर पित्त गळून साचते, ताप आणि दुखणे येते, आणि बहुधा बाहेरून नळी घालून किंवा दुर्बिणीतून नलिकेत स्टेंट ठेवून ते निस्तरता येते. चिरडलेला भाग मरून तिथे पू होऊ शकतो. सर्वांत फसवा प्रकार म्हणजे धमनी पित्तनलिकेत फुटणे. रक्त नलिकेवाटे आतड्यात उतरते. घरी गेल्यावर काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, उजव्या बाजूला कळ, डोळ्यांत पिवळेपणा आणि डांबरासारखी काळी शौच एकत्र दिसली तर हेच आहे असे समजून तातडीने रुग्णालय गाठायचे. त्याचा उपायही बहुधा एम्बोलायझेशनच असतो. अडचण एवढीच की अपघाताला महिना होऊन गेलेला असतो आणि रुग्ण तो सांगायचाच विसरतो.

घरी गेल्यावर

आपला तरुण सहाव्या दिवशी घरी गेला. चालणे, जिने चढणे, बसून करायचे काम हळूहळू सुरू करायला हरकत नव्हती. पडून राहिल्याने प्लीहा लवकर भरून येते याला आधार नाही. मनाई होती ती पुन्हा मार लागू शकेल अशा गोष्टींना: दुचाकी, कबड्डी-फुटबॉल, कुस्ती, जड ओझी. मुलांसाठी शल्यचिकित्सकांचा एक सोपा हिशेब आहे, ग्रेड अधिक दोन, तितके आठवडे. ग्रेड ३ असेल तर पाच आठवडे. प्रौढांना, विशेषतः वरच्या ग्रेडमध्ये, दोन ते तीन महिने सांगतात, पण यावर डॉक्टरांचे एकमत नाही आणि प्रत्येक केंद्राची सवय थोडी वेगळी असते.

प्लीहा उशिरा फुटणे होते, पण विरळ, आणि झाले तर बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत. डाव्या खांद्यात पुन्हा कळ, उभे राहताच घेरी, घाम सुटून छाती धडधडणे, पोट अचानक दुखू लागणे, यांतले काहीही झाले तर ओपीडीच्या वेळेची वाट न बघता इमर्जन्सीत जायचे, आणि जाताना पहिल्या सीटीची सीडी सोबत न्यायची. नव्या डॉक्टरला नुसत्या ग्रेडच्या आकड्यापेक्षा ती चित्रे जास्त कामाची असतात, कारण फुगवटा होता का आणि कुठली शाखा बंद केली आहे, हे त्यांत दिसते.